६० दिवस ऑर्डर नाही म्हणजे गिऱ्हाईक ‘सुप्त’?

घाणेवाला
कराडजवळ आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई आणि थोडं खोबरेल. वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवर मिळून साधारण १,४०० गिऱ्हाइकं. मार्केटिंग बघणाऱ्या मुलाने शीट करून दिली आहे: शेवटच्या ऑर्डरीला ३० दिवसांपर्यंत ‘चालू’, ३१ ते ६० ‘मंदावलेलं’, त्यापुढे ‘सुप्त’. सुप्त झालं की ‘आम्हाला विसरलात का?’ असा मेसेज आणि १५ टक्के सूट आपोआप जाते. परवा एका जुन्या काकूंचा फोन आला, “विसरतेय कशाला, डबा संपायचाय अजून!” हे असे ठरलेले आकडे ठेवावेत की प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं बघावं?

बीटवाला
आकडे ठेवा. वीस वर्षं वितरणात आहे, चार सेल्समन आणि सहाशे दुकानं. २१ दिवस बिल नाही झालं की दुकान लाल यादीत, विषय संपला. सेल्समनला सकाळी कागद हातात मिळतो आणि तो गाडीला किक मारतो. प्रत्येक दुकानाला वेगळा नियम लावला तर तो मलाच विचारेल, “साहेब, हे लाल का आणि ते का नाही?” त्याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं पाहिजे. शिवाय मागच्या महिन्यात लाल ४० होती आणि या महिन्यात ५५ झाली, तर मला कळतं की काहीतरी बिघडलंय. नियमच रोज हलला तर काय कळणार?

निवृत्त
बँकेत दोन वर्षं खात्यावर व्यवहार नसला की खातं निष्क्रिय करतात. नियम रिझर्व्ह बँकेचा, सगळ्यांना सारखा. कोणी कुरकुर करत नाही. केवायसीचे कागद दिले की पुन्हा चालू. तुमच्या काकूंना बँकेतून मेसेज आलाय का ते आधी बघा, हल्ली फसवणुकीचेही येतात.

घाणेवाला
@निवृत्त काका, बँकेचं नाही हो, आमच्या तेलाच्या गिऱ्हाइकांचं चाललंय. 🙂

हिशेबनीस
निवृत्त काकांचं अगदीच बाजूला ठेवू नका. बँकेने स्वतःहून व्याज जमा केलं तर तो व्यवहार धरत नाहीत, खातेदाराने स्वतः काही केलं पाहिजे. घाणेवाले, तुमच्या शीटमध्ये हे पाळलंय का बघा. डबा गळका निघाला म्हणून बदलून दिलात, तर तोही शून्य रुपयांची ऑर्डर म्हणून चढतो का? चढत असेल तर ज्याचा डबा गळला आणि जो वैतागून सोडून गेला तोच ‘चालू’ दिसतोय.

बीटवाल्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. त्यांचा सेल्समन दर मंगळवारी दुकानाच्या दारात उभा असतो, म्हणून सगळी दुकानं एकाच तालात माल उचलतात. तीन मंगळवार रिकामे गेले तर ते सगळ्यांसाठी सारखंच वाईट. घरगुती तेलाला असा ताल कोणी लावून दिलेला नाही. कुणी लिटरची बाटली नेतं, कुणी पाच लिटरचा डबा. काकूंच्या ऑर्डरींच्या तारखा टाका बरं इथे.

घाणेवाला
काकू: ४ जानेवारी, ८ मार्च, १४ मे, १९ जुलै. दरवेळी ५ लिटर शेंगदाणा.

हिशेबनीस
मधले दिवस ६३, ६७ आणि ६६. म्हणजे काकू घड्याळासारख्या येतात, आणि तुमचं शीट त्यांना दरवेळी ६१व्या दिवशी सुप्त करतं. तुम्ही १५ टक्के देता, काकू दोन ते सहा दिवसांनी येतात, आणि मुलगा सांगतो, “बघा, मोहीम लागू पडली!” त्या येणारच होत्या.

आता उलट बाजू बघा. दर १० दिवसांनी लिटर नेणारं एखादं घर असेलच. त्यांची शेवटची ऑर्डर २७ दिवसांपूर्वीची असली तरी शीट म्हणणार चालू. माझ्या मते ते गिऱ्हाईक जवळजवळ गेलंय, दोन बाटल्या त्यांनी दुसरीकडून आणल्यात. लोकांना हे उलटं वाटतं, पण दोघांची शेवटची ऑर्डर एकाच दिवशीची असेल तर जो जास्त वेळा यायचा त्याचीच काळजी जास्त. त्याचं गप्प बसणं नेहमीचं नाही. यावर १९८७ सालापासून गणिती मॉडेलं आहेत, पण तुम्हाला त्यांची गरज नाही.

सरासरीवाला
मग सोपं आहे की! प्रत्येकाच्या मधल्या दिवसांची सरासरी काढा. तिच्या दुप्पट दिवस झाले की सुप्त. मी आमच्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्यात हेच करतो.

शाल्मली
@सरासरीवाला, माझी आई सहा महिने बहिणीकडे अमेरिकेला गेली होती. तिच्या दुधाच्या पिशव्यांचं काय होईल तुमच्या सरासरीत?

हिशेबनीस
शाल्मलीताईंनी नेमकं धरलं. कुणाचे मधले दिवस २०, २२, १९ आणि मग एकदा १७०, तर सरासरी ५८ च्या आसपास जाते. त्याच्या दुप्पट ११६. म्हणजे २० दिवसांनी येणारा माणूस चार महिने गायब असला तरी तुम्ही गप्प बसणार. सरासरीऐवजी चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, तो २१ येतो. आणि एकदाच ऑर्डर दिलेल्यांची सरासरी कशाची काढणार? असले एकाऑर्डरवाले तुमच्या यादीत बरेच असतात.

पेटीवाली
आमच्याकडे रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या जातात. एप्रिल-मे सोडला तर आमची सगळीच गिऱ्हाइकं सुप्त! एकाने आम्हालाही असंच सॉफ्टवेअर दिलं होतं, ऑगस्टमध्ये सगळी यादी लाल. आता दिवस मोजतच नाही. मागच्या हंगामात घेतली का, त्याच्या आधीच्या घेतली का, एवढंच बघते. दोन हंगाम चुकले की मी स्वतः फोन लावते. तेलवाल्यांनाही मे महिन्यात लोणच्याचं तेल जात असेल ना, तेव्हा एकदम दहा-पंधरा लिटर नेणारा पुढे बरेच दिवस दिसणार नाही.

घाणेवाला
हो ताई, लोणच्याचं अगदी बरोबर. आणि एक गंमत सांगतो, एक गिऱ्हाईक आता मुद्दाम ६१वा दिवस उजाडायची वाट बघतं. कूपन आलं नाही तर विचारतं, “या वेळी मेसेज नाही पाठवला?”

बीटवाला
मग कूपन बंद करा, आकड्यांना कशाला दोष? पाटी चुकीची नाही, पाटी बघून जे करता ते चुकतंय. सुप्त लिहिलंय म्हणून लगेच १५ टक्के कोणी सांगितलं? आधी फोन करा.

हिशेबनीस
यात तथ्य आहे. पण पाटीसुद्धा ३० आणि ६० वर का, याचं उत्तर तुमच्या मुलाकडे नसणार. महिना आणि दोन महिने, कॅलेंडरातून उचललेले आकडे आहेत ते. तुमचा आकडा तुमच्याच वहीतून काढा. फक्त ५ लिटरच्या ऑर्डरी घ्या, आणि त्याही वर्षभरापूर्वीच्या, कारण मागच्या महिन्यात डबा नेलेल्याला परत यायला वेळच मिळालेला नाही. मग मोजा: ६०व्या दिवसापर्यंत गप्प राहिलेले किती, आणि त्यातले पुढे कधीतरी स्वतःहून आलेले किती. हेच ९० आणि १२० ला करा.

आणि शीटमधला सूत्राचा रकाना इथे टाका, मला एक शंका आहे.

घाणेवाला
रात्री बसून मोजलं. वर्षभरापूर्वीच्या ५ लिटरच्या ऑर्डरी २१२. ६० दिवसांपर्यंत गप्प १३१, त्यातले पुढे आले ९४. ९० दिवसांपर्यंत गप्प ५८, पुढे आले २१. १२० पर्यंत गप्प ४३, पुढे आले फक्त ६. सूत्र हे:

```
=IF(TODAY()-C2<=30,"चालू",IF(TODAY()-C2<=60,"मंदावलेलं","सुप्त"))
```

बीटवाला
ते ९४ कूपनमुळे आले असतील. तसं असेल तर तुमची मोहीम चांगली चाललीय.

घाणेवाला
कूपन सुरू होऊन सहाच महिने झालेत. या ऑर्डरींचा ६१वा दिवस त्याच्या कितीतरी आधी उलटून गेला होता.

हिशेबनीस
मग उत्तर समोरच आहे. ६० दिवसांना सुप्त म्हटलेल्या दर चारांतले जवळपास तीन काही न देता परत येत होते. १२० ला ४३ पैकी ६. डब्यावाल्यांना ९० पर्यंत चालू, १२० पर्यंत मंदावलेलं, पुढे सुप्त, असं लावा. लिटरच्या बाटलीवाल्यांसाठी हीच मोजणी वेगळी करा, त्यांच्या रेषा खूप अलीकडे येतील. लोणच्याच्या मोठ्या ऑर्डरी दोन्हींतून वगळा.

सूत्राची शंका खरी निघाली. `TODAY()` मुळे शीट उद्या उघडलीत की आजच्या पाट्या पुसल्या जातात, मागच्या महिन्यात किती सुप्त होते ते परत कधीच दिसणार नाही. एका कप्प्यात तारीख हाताने लिहा, समजा `$H$1`, आणि `$H$1-C2` करा. महिन्याच्या १ तारखेला पाट्यांची प्रत ठेवत जा. दुसरं म्हणजे ज्यांनी नुसती नोंदणी केली, ऑर्डर कधीच दिली नाही, त्यांचा `C2` रिकामा असतो. शीट त्यांचे चाळीस हजारांच्या वर दिवस मोजून त्यांनाही सुप्त करतं. १,४०० मध्ये असे किती ते बघा.

बीटवाला
म्हणजे फिरून ठरलेले आकडेच झाले की! ९० आणि १२०. एवढं रामायण कशाला?

हिशेबनीस
ठरलेलेच आहेत, मान्य. फक्त डब्याचे वेगळे, बाटलीचे वेगळे, आणि वहीतून काढलेले. वर्षभर हलवू नका, म्हणजे तुमची महिन्याची तुलनाही राहील. पण दर १० दिवसांनी येणाऱ्या त्या घराला बाटलीचा नियमही उशिरा पकडेल. तिथे मी अजूनही माणसागणिक बघेन, निदान पहिल्या पन्नास घरांपुरतं.

बीटवाला
पन्नास घरं तर घाणेवाल्यांना तोंडपाठ असतील, त्याला शीट कशाला?

शाल्मली
आणि कूपन खरंच चालतं का हे कसं कळणार? ते अजून कुणीच सांगितलं नाही.

हिशेबनीस
नव्या सुप्त यादीतल्या दर चौथ्या नावाला मेसेज पाठवूच नका. तीन महिन्यांनी पाठवलेल्यांतले किती आले आणि न पाठवलेल्यांतले किती, ते बाजूबाजूला ठेवा. यादी लहान आहे, दोघांत थोडाच फरक निघाला तर त्यावर विसंबू नका.

घाणेवाला
रिकामा रकाना असलेले ११८ निघाले, काढले. गळक्या डब्यांच्या बदलीच्या ऑर्डरीही काढल्या. आता अडलोय ते एकदाच नेऊन परत न आलेल्यांवर, असे ५०० च्या वर आहेत. त्यांना १२० दिवस थांबायचं?

बीटवाला
नाही. महिन्यात फोन.

पेटीवाली
महिन्यात डबा संपलेलाही नसतो. दीड-दोन महिन्यांनी करा, आणि विकायला नको, तेल कसं वाटलं एवढंच विचारा.

घाणेवाला
आज पाच जणांना लावला. दोघांनी उचलला नाही. एकाला करडईचा वास झेपला नाही. एक म्हणाले, डबा मुलाकडे पुण्याला पाठवला, त्याला विचारून सांगतो. पाचवे हसायलाच लागले, गेलं वर्षभर त्यांच्या मिसेसच्या नंबरवरून ऑर्डर येतेय. त्या माझ्याकडे ‘चालू’ मध्ये आहेत.