मदत हवी आहे : दहावीतल्या मुलीचं टेबल आणि पुस्तकांचं शेल्फ कसं लावू?

फोटो जोडला आहे. टेबल तीन फूट बाय दीड फूट, त्यामुळे वही आणि पुस्तक शेजारीशेजारी उघडायला जागा उरत नाही. मागच्या अर्ध्या भागात पेनस्टँड, ट्रॉफ्या आणि सातवीपासूनच्या गाइडांचा ढीग आहे. लेक उजव्या हाताने लिहिते आणि दिवा उजवीकडेच, म्हणजे हाताची सावली नेमकी लिहिण्यावर पडते. दिवा डावीकडे न्यायचाय, पण तिकडे प्लग पॉइंट नाही आणि दारातून एक्स्टेंशनची वायर ओढायला मन धजत नाही. कोणी रिचार्जेबल दिवा वापरलाय का? सलग दोन तास टिकतो का?

शेल्फला चार कप्पे आहेत. डोळ्यांसमोरच्या कप्प्यात गोष्टीची पुस्तकं आहेत, साहजिकच अभ्यास करता करता हात तिकडेच जातो! ती सगळ्यात वर टाकून बसल्या जागी हात पोचेल तिथे चालू वर्षाची पुस्तकं विषयवार उभी लावावीत, असं मला वाटतं. ती म्हणते, विषयवार नको, रोजच्या वेळापत्रकाप्रमाणे लाव. तुमच्याकडे यातलं काय टिकलं? आणि सुट्या प्रश्नपत्रिका कशात ठेवता? फाइलमध्ये घातल्या की तिला सापडत नाहीत, बाहेर ठेवल्या की टेबलभर होतात.