अनुभव धागा : म्हणी-सुविचार मागताना काय सांगितलं की पहिल्याच खेपेला नेमकं मिळतं?

शब्दवेल्हाळ : सेवापूर्ती, शाळेचा फळा, सोसायटीचा कार्यक्रम, कशासाठी ना कशासाठी आपण कुणाला तरी "चार छान ओळी सुचवा ना" म्हणतो आणि येतं भलतंच. ऐकणारे कोण, भाव कोणता, लांबी किती, भाषा कशी, हे तुम्ही कसं सांगता? प्रसंगासकट लिहा.

ग्रंथसखा : वाचनालयात असल्यामुळे अशा मागण्या माझ्याकडे सतत येतात. मध्यंतरी जिल्हा परिषद शाळेतल्या एका ताईंचा निरोप आला, "निवृत्तीसाठी सुविचार हवेत." एवढ्यावर कुणीही आयुष्याच्या संध्याकाळचंच काहीतरी देईल. मी विचारलं, निवृत्त कोण होतंय? शाळेचे शिपाईमामा. ओळ कुठे जाणार? मानपत्राच्या सुरुवातीला, मोठ्याने वाचणार. मग म्हटलं, मामांची एक खरी गोष्ट सांगा. त्या म्हणाल्या, ओढ्याला पाणी आलं की मामा मुलांना हात धरून पलीकडे सोडायचे आणि कधी बोलून दाखवायचे नाहीत. त्यावर त्यांनी मागणी नव्याने लिहिली :

"मानपत्राच्या सुरुवातीला मोठ्याने वाचायची एक ओळ. ऐकणारे गावकरी आणि चौथीपर्यंतची मुलं. भाव कृतज्ञतेचा, रडवेपणा नको. न बोलता काम करणारा माणूस दिसावा. एका श्वासात संपावी. म्हण चालेल, संस्कृत नको. पाचच द्या."

मी दिलेल्या पाचांतली "आधी केले, मग सांगितले" त्यांनी घेतली. वर मुख्याध्यापकांनी जोडलं, "मामांनी तर केलं आणि सांगितलंही नाही." नुसतं "प्रेरणादायी" किंवा "भावपूर्ण" म्हटल्याने देणाऱ्याला काहीच कळत नाही. कोण कुणाला काय म्हणतंय, हे सांगितलं की भाव आपोआप कळतो.

खडूपाटी : मी पहिली-दुसरीला शिकवते. "लहान मुलांसाठी" एवढं म्हटलं की गोड गोड ओळी येतात, पण मुलांना त्या वाचता येत नाहीत. म्हणून मी "जोडाक्षर नको" असं आधी लिहिते. "प्रयत्नांती परमेश्वर" दोनच शब्दांचं, पण त्यात प्र, त्नां, श्व! "थेंबे थेंबे तळे साचे" किंवा "अति तेथे माती" मुलं स्वतः वाचतात. चौथीसाठी ही अट काढते.

फ्लेक्सवाला : माझ्या मते लांबी सांगितली की काम झालं. आठ बाय चारच्या फ्लेक्सवर फोटो आणि नावं गेली की एकाच ओळीपुरती जागा उरते. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाच-सहा शब्दांपलीकडे वाचता येत नाही. शब्द मोजून सांगा, बाकी कशाने फरक पडत नाही.

ग्रंथसखा : दादा, लांबीचं खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. "सुंठीवाचून खोकला गेला" तीनच शब्दांचं. ते निवृत्तीच्या फ्लेक्सवर लावलं तर लोक काय समजतील? आणि कानांनी ऐकायच्या ओळीला शब्द मोजण्यापेक्षा श्वासाचं माप बरं.

सोनचाफा : मला पुढच्या महिन्यात गृहप्रवेशाला उखाणा हवाय. यजमानांचं नाव तीन अक्षरी आहे. कुणी देईल का?

खडूपाटी : सोनचाफाताई, हा धागा मागावं कसं याचा आहे, पण तुमचंही त्यात बसतंय. नाव ओळीच्या शेवटी यायला हवं का, समोर सासरची वडीलधारी मंडळी असणार की मैत्रिणी, आणि थट्टा चालेल का, हे लिहा. मग उखाणे येतील.

दूरदेशी : आम्ही न्यू जर्सीत आहोत. इथल्या मराठी शाळेतल्या माझ्या वर्गातली मुलं ऐकून समजतात, वाचायला अडखळतात. "सोप्या मराठीत" म्हटलं तरी जातं, खळं, सूप असलेल्या म्हणी यायच्या. शब्द सोपे, पण वस्तूच मुलांनी पाहिलेली नाही. आता मी लिहितो, "म्हणीतली वस्तू मुलांच्या पाहण्यातली हवी: पाणी, मासा, हत्ती, हात चालेल." तेव्हापासून बऱ्याच ओळी उपयोगी पडतात.

कोकणकडा : आजोबांच्या पंचाहत्तरीला मी "मालवणी म्हणी द्या" असं म्हटलं होतं. आल्या भरपूर, पण निम्म्या चारचौघांत वाचण्यासारख्या नव्हत्या. बोलीतल्या म्हणी मोकळ्या तोंडाच्या असतात, आणि तीच त्यांची मजा आहे. तेव्हा बोलीचं नाव सांगताना समोर कोण बसणार आहे तेही सांगावं.

फ्लेक्सवाला : "हे नको, ते नको" जास्त लिहिलं की देणारा बिचकतो, असं मला वाटतं. गिऱ्हाईकाने नकारांची यादी दिली की मलाच काही सुचत नाही.

ग्रंथसखा : एखादा नकार मला उपयोगी पडतो. त्यापेक्षा आवडलेली एक ओळ आणि न आवडलेली एक ओळ सोबत दिली, तर फार बरं.

शब्दवेल्हाळ : श्रद्धांजलीच्या पत्रिकेसाठी एकाला देवाधर्माची ओळ हवी आणि त्याच्याच भावाला अजिबात नको, असं असेल तर भाव काय सांगायचा?

खडूपाटी : दोघांनी वेगवेगळ्या मागाव्यात, मग एकत्र बसून पाहाव्यात.

कोकणकडा : मला नाही पटत. अशा वेळी दोन याद्या समोर आल्या की वाद वाढतो. गेलेल्या माणसाच्या तोंडी नेहमी काय असायचं, ते आधी लिहून पाठवा.