दुकानातल्या फळीवरच्या भाव-पाट्या सुटसुटीत करायच्या आहेत, सल्ला हवा

कराडकर_किराणा: आमचं सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकान आहे. फळ्यांवर साठेक पाट्या आहेत, पण कुणी वाचत नाही आणि काउंटरवर येऊन भाव विचारतात. नमुना म्हणून इंद्रायणीची पाटी जशीच्या तशी देतो:

*खास ऑफर!! अस्सल इंद्रायणी तांदूळ. सुवासिक, पौष्टिक, ग्लूटेन फ्री, रोजच्या जेवणासाठी उत्तम. बाजारभाव ७८, आमचा भाव ७२, ५ किलो घेतल्यास ७०, २५ किलोची गोणी १७००. स्टॉक असेपर्यंत.*

यात काय ठेवू, काय उडवू? पाट्या कशावर करू? बजेट दीड हजार, त्याच्या वर नाही.

नाशिकचा_बंड्या: लेबल प्रिंटर घ्या. मी नऊ हजारांना घेतला, डोक्याला ताप नाही. मोबाइलवरून थेट प्रिंट.

कराडकर_किराणा: बजेट दीड हजार लिहिलंय हो.

मीनाताई_सोलापूर: तो थर्मलवाला असेल तर जपून. आमची एक फळी दारासमोर आहे, दुपारचं ऊन येतं. मे महिन्यात सगळे आकडे पुसट झाले. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळं होतं आणि उन्हात उडतं. गिऱ्हाईक म्हणे, "काकू, आज सगळं फुकट का?"

नाशिकचा_बंड्या: माझे नाही उडाले.

फळीवाला: पंधरा वर्षं सुपरमार्केटच्या फळ्या लावल्यात. प्रिंटर राहू द्या, आधी मजकूर कापा. ग्लूटेन कुठल्याच तांदळात नसतं, मग ते इंद्रायणीचं कौतुक कसलं? पौष्टिक आणि उत्तम तर शेजारच्या दुकानातही लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक तांदळासमोर उभं राहून काय विचारतं? "भात मऊ होतो की मोकळा?" त्याचं उत्तर हाच तुमचा एक फायदा. पाटी अशी:

*इंद्रायणी तांदूळ*
*भात मऊ होतो*
*₹ ७२ किलो*

मोकळा भात हवा असेल तो आपोआप जुन्या कोलमकडे वळेल, आणि "भाताचा गोळा झाला" म्हणून परत येणार नाही. गोणीचा भाव १७०० इथून काढा आणि गोण्यांच्या थप्पीवर वेगळी पाटी लावा. गोणी घेणारा तिथेच उभा असतो. पाच किलोचा ७० हा भाव तोंडी सांगा, नाहीतर बंद करा.

वकील_काका: कायद्याने एमआरपी लिहावीच लागते. काढाल तर वैधमापनवाले दंड करतील.

फळीवाला: काका, एमआरपी लागते ती बंद पाकिटावर. सुट्या तांदळाला एमआरपी कुठून आणणार? पाकिटाच्या पाटीवर फक्त तुमचा विक्रीचा भाव लिहिला तरी चालतं, तो एमआरपीच्या वर नको आणि बिलात तोच निघायला हवा. भांडणं तिथेच होतात: बिलिंगमध्ये भाव बदलतो आणि पाटी जुनीच राहते. पाटीच्या मागे पेन्सिलीने तारीख टाका, महिन्यातून एकदा उलटून बघा.

वकील_काका: मी एकंदरीत म्हणत होतो.

सातारी_तडका: पण ७८ खोडून ७२ दाखवलं नाही तर स्वस्त आहे हे कळणार कसं? आमच्याकडे खोडलेला आकडा बघूनच हात पुढे येतो.

फळीवाला: "बाजारभाव ७८" कुणी ठरवला, असं एकाने विचारलं की संपलं. पाकिटावरची छापील एमआरपी खोडली तर निदान पुरावा असतो.

सातारी_तडका: कुणी विचारत नाही हो. अनुभव आहे.

मीनाताई_सोलापूर: आकडे एकाच लिपीत ठेवा. आमच्या पोराने काही पाट्या मराठी आकड्यांत केल्या, काही इंग्रजीत. मराठी १ एकाला इंग्रजी 9 वाटला, १५ रुपयांचं पाकीट ९५ चं समजून त्याने परत ठेवलं. आणि पाटीवर नाव-वजन हवंच. पाटी सरकून शेजारच्या डब्याखाली गेली की काउंटरवर वाद.

पुणेरी_उपदेशक: प्रिंटरच घ्या. वर सांगितलंयच.

कराडकर_किराणा: सगळ्यांचे आभार. प्रिंटर घेत नाही. वहिनींचं अक्षर छान आहे. पिवळं कार्डशीट आणि जाड काळे मार्कर साडेचारशेत आले, पाट्या त्याच लिहितायत, आकडे सगळे इंग्रजी. काल बारा झाल्या. तीन पावलांवरून आईला वाचायला लावलं, तर भाव दिसला, "भात मऊ होतो" दिसेना. ती ओळ मोठी करून पाटी पुन्हा केली. तेलाच्या पाकिटांवर मात्र एमआरपी खोडलेलीच ठेवणार, फळीवालेसाहेब रागावू नका.

फळीवाला: ठेवा. पण खोडलेला आकडा बारीक काढा, नाहीतर तोच भाव समजतील.

नाशिकचा_बंड्या: साठ पाट्या हाताने? भाव बदलले की बघा.