पावत्यांचे फोटो: नाव, वाचन, ताळा आणि जागा

ए-३०४ (हिशेब): नमस्कार मंडळी. या महिनाअखेरीला आम्ही कुडाळला राहायला जातोय. सोसायटीचा हिशेब आता बी-१०२ मधल्या ताई बघणार आहेत. कीर्दवही, चेकबुक, शिक्का हे सगळं रविवारी समितीसमोर त्यांच्या हाती देईन. पण पावत्यांचे फोटो काढून ठेवायची जी पद्धत इतक्या वर्षांत बसली, ती कुठेच लिहिलेली नाही. म्हणून इथे लिहिते. ताईंना लागेलच, पण पावत्या आणून देणारे आपण सगळे आहोत, तेव्हा सगळ्यांनीच वाचा.

आधी फोटो. पावती हातात आली की तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने व्हाउचर नंबर लिहायचा, आणि मगच फोटो काढायचा. म्हणजे नंबर फोटोतच येतो. पुढे फाइलचं नाव चुकून बदललं तरी ही पावती कुठली, हा प्रश्न उरत नाही. फोटो त्याच दिवशी काढायचा. हार्डवेअरच्या दुकानातल्या मशीनच्या गुळगुळीत पावत्या आपल्या दमट हवेत काही महिन्यांत पांढऱ्याफटक होतात. गणपतीत घेतलेल्या बल्बची पावती मार्चमध्ये काढली तर कोरा कागद हातात येतो, हे माझ्या बाबतीत झालंय.

सी-२०१ काकू: अगं पण आम्ही ग्रुपवर टाकतोच की फोटो. तो चालत नाही का?

ए-३०४ (हिशेब): काकू, ग्रुपवर टाकलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं. डोळ्यांना फरक कळत नाही, पण मोठा करून बघितलं की हाताने लिहिलेला आकडा फुटलेला दिसतो. त्यातून त्याला नाव पडतं ते असं:

```
IMG-20240519-WA0007.jpg
```

यातली तारीख फोटो पाठवल्याची. पावती १८ मे ची असेल, नाहीतर एप्रिलमधलीही असेल. म्हणून सोसायटीच्या नंबरवर पाठवा, आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसं पाठवलं की मूळ फोटो जसाच्या तसा येतो.

आता नाव. मी असं देते:

```
2024-05-18_TANKER_1400_V0412.jpg
```

पावतीवरची तारीख, खर्चाचं खातं, रक्कम, व्हाउचर नंबर. वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. दिवस पुढे घेतला तर सगळ्या महिन्यांच्या १८ तारखा एका ठिकाणी गोळा होतात. नावातले आकडे इंग्रजीच ठेवा. एकदा `१४००` आणि एकदा `1400` लिहिलं की शोधताना अर्ध्या पावत्या सापडत नाहीत.

बी-३०३: वहिनी, हल्ली गूगल लेन्स फोटोतला सगळा मजकूर उचलतं. मग आकडे परत हाताने कशाला भरायचे?

ए-३०४ (हिशेब): दादा, मी पण लेन्सच वापरते. संगणकावर असले तर ड्राइव्हमधला फोटो गूगल डॉक्समध्ये उघडते, तिथेही मजकूर निघतो. छापील बिलांना त्याने खरंच वेळ वाचतो. पण त्याच्यावर सोडून दिलं की काय होतं ते सांगते, कारण ताईंना सगळ्यात जास्त याचीच गरज पडणार आहे.

गेल्या वर्षीचा मे आठवतो ना, विहीर तळाला गेली होती आणि चार टँकर मागवले. टँकरवाल्याची पावती हाताने लिहिलेली, मराठी आकड्यांत, प्रत्येकी १४०० रुपयांची. चारही टँकरचे मिळून ५,६०० चा एकच चेक दिला. महिनाअखेरीला बँकेशी मेळ घालायला बसले तर माझ्या शीटमध्ये टँकर खात्यावर १४,००० खर्च. बँकेतून गेले ५,६००. फरक ८,४०० चा.

हिशेबात फरक आला की पहिल्यांदा त्याला ९ ने भागून बघायचं, ही जुनी रीत. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असतील, म्हणजे ५,८४० च्या जागी ५,४८०, तर फरक नेहमी ९ ने भागला जातो. ८,४०० भागला जात नाही. म्हणजे उलटापालट नव्हे. मग लक्षात आलं की ८,४०० म्हणजे बरोबर सहा टँकर. मला वाटलं, एकच पावती दोनदोनदा चढली असणार. अख्खी दुपार मी त्या सहा जादा पावत्या शोधत बसले. त्या नव्हत्याच.

शेवटी चारही फोटो एकाखाली एक उघडले. तिसऱ्या पावतीवर लेन्सने वाचलं होतं `9800`. कागदावर स्वच्छ १४००. मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. त्या पावतीचा मथळा इंग्रजीत छापलेला होता, म्हणून त्याने आकडेही इंग्रजी समजून वाचले असावेत. उरलेल्या तीन पावत्या साध्या वहीच्या कागदावर होत्या, त्या बरोबर वाचल्या. सहा टँकरांचा मेळ हा निव्वळ योगायोग, पण त्याने मला भलतीकडे नेलं.

सचिव काका (ए-१०१): हे तू तेव्हा बोलली नाहीस. मी चेकवर सही केली होती, ती ५,६०० चीच होती.

ए-३०४ (हिशेब): हो काका, पैसे बरोबरच गेले होते. चूक माझ्या शीटमध्ये होती, आणि चेक एकत्र दिल्यामुळे ती महिनाभर दिसली नाही. म्हणूनच त्यानंतर शीटमध्ये दोन रकाने केले. एकात मशीनने वाचलेली रक्कम, दुसऱ्यात मी कागद बघून घातलेली. कागदावरची आधी घालायची, मशीनची नंतर. उलट केलं तर डोळा मशीनचाच आकडा कागदावर बघतो, हा माझा अनुभव. तिसऱ्या रकान्यात वजाबाकी:

```
=D2-E2
```

शून्य आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर पावती परत हातात घ्यायची आणि 'अक्षरी रुपये' वाचायचे. त्या टँकरच्या पावतीवर 'चौदाशे फक्त' लिहिलेलंच होतं. अक्षरं असं फसवत नाहीत.

बी-१०२ (नवीन हिशेब): ताई, म्हणजे मशीनचा चुकलेला आकडा मी खोडून बरोबर करायचा ना?

ए-३०४ (हिशेब): नाही, तो तसाच राहू द्या. बेरीज आपल्या रकान्याची घ्यायची. मशीनचा रकाना राहिला की वर्षाखेरीला कळतं, कुणाच्या पावत्या जास्त चुकतात. आपल्याकडे टँकर आणि सफाईवाल्याच्या.

अजून एक जागा जपा. मजकूर उचलताना `1400/-` असं येतं. ती शेवटची रेघ राहिली तर शीट त्याला आकडा मानत नाही. वजाबाकीच्या रकान्यात `#VALUE!` येतं, पण बेरजेतून तो गुपचूप वगळला जातो, तिथे कसली सूचना येत नाही. ओळखायचं कसं? आकडा रकान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. डावीकडे चिकटलेली रक्कम दिसली की थांबायचं.

जीएसटीचं छापील बिल असेल तर ताळा बिलातच मिळतो. पंपाच्या दुरुस्तीचं बिल बघा: मूळ रक्कम ७,४५०, सीजीएसटी ९ टक्के ६७०.५०, एसजीएसटी तेवढाच, एकूण ८,७९१. लेन्सने ७ चा १ करून `1450` वाचलं तर करासकट बेरीज २,७९१ होते, खालच्या एकूणशी जुळत नाही. तीन आकडे एकमेकांना धरून असतात, म्हणून ही बिलं मला सोपी वाटतात. हाताने लिहिलेल्या पावतीला हा आधार नसतो, तिथे अक्षरी रक्कम आणि बँक एवढंच.

आणि आकडा कशानेच लागला नाही, कार्बनची फिकट प्रत असली, तर अंदाजाने भरायचं नाही. फोटो `VICHARAYCHE` फोल्डरमध्ये टाकायचा आणि पावती देणाऱ्याला फोन करायचा.

सी-२०१ काकू: आणि हे सगळं ठेवलंय कुठे? तुझ्या फोनात?

ए-३०४ (हिशेब): नाही काकू. सोसायटीच्या नावाच्या ईमेलच्या ड्राइव्हमध्ये. पासवर्ड काकांकडे बंद पाकिटात आहे, माझ्या मागे तो बदला. आत आर्थिक वर्षाचा एक फोल्डर, `2024-25` असा. महिन्यांचे वेगळे फोल्डर केले नाहीत, नावात तारीख आहेच.

दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, काकांच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. मांडवीचा वारा आपल्या खिडकीत येतो, खारी हवा धातूच्या टोकांना खाते. आधीचा पेन ड्राइव्ह पिनांना हिरवट थर चढून गेला. म्हणून दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून कुठलेही पाच फोटो उघडून बघायचे. फाइलींची यादी दिसते म्हणजे फोटो उघडतात असं नाही.

मूळ कागद मात्र फेकायचे नाहीत. ऑडिटरांना व्हाउचरला जोडलेली पावतीच लागते, फोटो शोधायला आणि कागद खराब झाला तर आधाराला. पावसाळ्याआधी फायली जमिनीलगतच्या खणातून वर घ्या, कसर खालूनच लागते.

सभासदांचे आधार, पॅन, भाडेकरार या ड्राइव्हमध्ये नाहीत आणि येऊही देऊ नका. हा फोल्डर ऑडिटरांना आणि समितीला उघडा असतो. ग्रुपवर कुणी चेकचा फोटो टाकला तर लगेच काढायला सांगा, त्यावर खाते क्रमांक आणि सही दोन्ही असतात.

बी-१०२ (नवीन हिशेब): ताई, एक करून बघितलं. इलेक्ट्रिशियनने आज ६ एप्रिलला बिल आणून दिलं, १,८५० चं. जिन्याचे दिवे. नाव दिलं:

```
2025-04-06_ELECTRIC_1850_V0001.jpg
```

ए-३०४ (हिशेब): बिलावरची तारीख बघा बरं.

बी-१०२ (नवीन हिशेब): २८ मार्च.

ए-३०४ (हिशेब): मग ते गेल्या वर्षाचं. काम मार्चमध्ये झालं, पैसे द्यायचे राहिले, म्हणजे 'देणे बाकी खर्च' म्हणून जुन्या वर्षात घ्यायचं. `2024-25` चा फोल्डर, आणि नंबर जुन्या वहीतला पुढचा. माझ्याकडे शेवटचा `V0398` पडलाय.

बी-३०३: पण वहिनी, वर टँकरला तुम्ही `V0412` लिहिलंय. तो तर मे चा.

ए-३०४ (हिशेब): बरोबर पकडलंत. १८ मे चा टँकर वहीत ४२ नंबरला आहे, नावात `V0042` हवं. वर लिहिताना आठवणीतून लिहिला, वही समोर नव्हती. ताई, इलेक्ट्रिशियनचं बिल `V0399`. पेन्सिलने कोपऱ्यात लिहा आणि फोटो परत काढा, पहिल्यात `V0001` आलाय.

बी-१०२ (नवीन हिशेब):

```
2025-03-28_ELECTRIC_1850_V0399.jpg
```

ए-३०४ (हिशेब): हो, हे बरोबर. रविवारी अकराला वही घेऊन येते, मार्चच्या पावत्या शेवटपर्यंत दोघी मिळून लावू.