थकलेलं मानधन आणि संस्थेला दिलेलं पत्र : तुमचे अनुभव सांगा

शाईपेन
शेजारची मुलगी काल विचारत होती, "काकू, पगारासाठी संस्थेला पत्र दिलं तर काढून टाकतील का हो?" इथं कोल्हापुरात एका विनाअनुदानित शाळेत करारावर गणित शिकवायचे, तेव्हा मीही असं पत्र दिलं होतं. मुख्याध्यापकांमार्फत, सचिवांच्या नावे. मजकूर साधारण असा:

"विषय : जुलै ते सप्टेंबरचे थकीत मानधन मिळणेबाबत.
महोदय, करारपत्रानुसार माझे मासिक मानधन 18,000 रुपये असून ते पुढील महिन्याच्या 10 तारखेपर्यंत देण्याचे ठरले आहे. जुलैपोटी 8,000 रुपये मिळाले, 10,000 बाकी आहेत. ऑगस्ट व सप्टेंबरचे मानधन मिळालेले नाही. एकूण बाकी 46,000 रुपये आहे. या काळातील माझे सर्व तास झाले असून हजेरीपत्रकात नोंद आहे. रक्कम एकदम देणे शक्य नसल्यास हप्त्यांच्या तारखा 31 ऑक्टोबरपूर्वी लेखी कळवाव्यात, ही विनंती."

ते 8,000 मुद्दाम लिहिले. 'तीन महिने दमडी नाही' असं लिहिलं असतं तर सचिवांनी तेवढंच धरून बाकी सगळं खोटं ठरवलं असतं. घरभाडं थकलंय हे घाल म्हणून मिस्टर मागं लागले होते, पण नाही घातलं. हक्काचे पैसे मागताना गाऱ्हाणं कशाला? दिवाळीआधी 28,000 आले, उरलेले जानेवारीत. ऑक्टोबरचं मानधन मात्र पुन्हा लटकलंच.

कागलचा_म्हादू
पत्रबित्र कशाला? चेअरमनच्या घरी सकाळी जाऊन बसायचं. आमच्या मेव्हण्यानं तसंच काढलं पैसं. चहा पण मिळाला.

शाईपेन
म्हादूदादा, चहा मिळतो हो. पुढच्या महिन्यात "कधी म्हणालो होतो मी?" हेही मिळतं.

निवृत्त_हेडक्लार्क
मी याच टेबलामागं नोकरी काढली, म्हणून सांगतो. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा मॅडम, सर बघतील" म्हणाले की समजायचं, आवक रजिस्टरला नोंद होणार नाही. (आम्हीच असं म्हणायचो, तसा वरून हुकूमच असायचा.) घेतच नसतील तर तेच पत्र पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर पोचपावती हवी म्हणून आठवणीनं सांगा.
आणि व्हाउचर! काही ठिकाणी 18,000 वर सही घेतात आणि हातात 8,000 ठेवतात. सहीखाली 'प्रत्यक्ष मिळाले रु. 8,000' असं आपल्या अक्षरात लिहा. पूर्ण रकमेवर सही गेली की पत्रातला हिशोब लंगडा पडतो.

सीमा_ज
आमचा पण पगार दोन महिने नाही 😢 शालार्थला बिल अडकलंय म्हणतात. हेच पत्र चालेल का?

निवृत्त_हेडक्लार्क
ताई, तुमची शाळा अनुदानित दिसते. तुमचा पगार सरकारकडून येतो, संस्थेनं दाबलेला नाही. बिल कुठल्या टेबलावर आहे ते मुख्याध्यापकांना विचारा.

दणका_७७
सरळ कामगार कोर्टात खेचा! घाबरताय काय भावा.

अॅड_पन्हाळकर
एवढं सरळ नाही ते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये सांगितलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' धरला जात नाही. शाळा न्यायाधिकरणाचं नावही लोक घेतात, पण ते नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं तर. नुसत्या थकबाकीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, नाहीतर दिवाणी दावा, तोही साधारण तीन वर्षांच्या आत. नव्या वेतन संहितेचा फायदा तुमच्या शाळेला कसा लागू होतो, ते करारपत्र बघून ठरेल. संस्थेनं 'निधी नाही, नंतर देऊ' असं सहीनिशी लेखी कळवलं तर तो कागद जपा, बाकी असल्याची ती कबुलीच आहे.

दणका_७७
मग कामगार कुणाला म्हणायचं, खडू घासतोय ते काय? असो, बघतो.

तासिकावाली
माझ्याकडं करारपत्रच नाही, तोंडी ठेवलंय. तासाला पैसे. मग पत्रात काय लिहू?

शाईपेन
तासांची वही ठेवतेस ना? तारीख, वर्ग, तास. महिन्याच्या शेवटी पर्यवेक्षकांची सही घेत जा त्यावर. करारपत्राच्या जागी 'ठरल्याप्रमाणे प्रति तास इतके' असं लिही. आधीच्या महिन्यांत बँकेत जमा झाले असतील तर त्या नोंदीही जोड, दर त्यातूनच दिसतो.

तासिकावाली
रोख देतात ओ 🙈

कागलचा_म्हादू
म्हणून म्हणतोय, घरी जाऊन बसा. आणि ती शेजारची पोरगी कुठल्या शाळेत आहे? आमच्या भाचीला तिथंच बोलावलंय मुलाखतीला.

शाईपेन
नाव इथं नको. भाचीला म्हणावं, करारपत्रात पगाराची तारीख आहे का ते आधी बघ.