जुन्या सहीचे चेक विसरू नका

> "वडील आता सही करणार नाहीत, पण भागीदार राहतील. फर्मच्या करंट खात्यावर माझी आणि काकांची सही लावायची आहे. ठरावात काय लिहायचं?"

ठराव लेटरहेडवर करा आणि त्यावर तिन्ही भागीदारांच्या सह्या घ्या, वडिलांचीही. आमचा पहिला ठराव परत आला, कारण सही सोडणाऱ्यानेच त्यावर सही केली नव्हती! मजकुरात दोन वाक्यं हवीतच: 'अमुक तारखेपासून सहीचे आधीचे अधिकार रद्द' आणि 'यापुढे खातं दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालेल' किंवा 'दोघांच्या संयुक्त सहीने'. नुसतं 'दोघे सही करतील' लिहिलंत तर अर्थावरून काउंटरवर वाद होतो.

खरी गोम वडिलांनी आधीच सही करून दिलेल्या पुढच्या तारखांच्या चेकची. सोबतच्या पत्रात खाते क्रमांक लिहा, ठराव, नमुना सह्या, केवायसी जोडल्याचं नमूद करा आणि त्या चेकचे नंबर, तारखा, रकमा देऊन 'हे जुन्या सहीने वटवावेत' असं स्पष्ट मागा. बँकेने मान्य केलं नाही तर पुरवठादारांना चेक बदलून द्या. सही जुळत नाही म्हणून परतलेल्या चेकवरही चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू शकतं; लक्ष्मी डायकेम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेच सांगितलं, आणि तिथेही सह्यांचे अधिकार मध्येच बदललेले होते.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नेटबँकिंगचा अधिकार बऱ्याचदा वेगळ्या फॉर्मवर बदलावा लागतो, तेही तिथेच विचारून घ्या.