मदत हवी आहे: शिफ्ट बदलाच्या पत्रात अट कशी लिहू?

मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. माझ्या एका ऑपरेटरच्या आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दुपारी चारला असतं. त्याने कायम फर्स्ट शिफ्ट मागितली. साहेबांनी तीन महिन्यांसाठी मंजूर केली, पण अटींवर. पत्र मला द्यायचंय.

आत्तापर्यंत एवढं लिहिलंय:

"आपल्या अर्जानुसार सोमवारपासून तीन महिने आपली शिफ्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३० राहील. साप्ताहिक सुट्टी रविवारीच राहील. या काळात रात्रपाळी भत्ता मिळणार नाही."

सोमवार मुद्दाम धरलाय. शनिवारी तो सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला सुटतो, मध्ये रविवारची विश्रांती मिळते.

अडलंय ते शेवटच्या अटीवर. साहेब म्हणतात, "कामाच्या गरजेनुसार शिफ्ट बदलली जाईल" असं लिही. पण मग उद्या कोणीही त्याला डायलिसिसच्या दिवशीच सेकंडला बोलावेल, आणि मंजुरीला अर्थच उरणार नाही. मी "डायलिसिसचे दिवस सोडून, दोन दिवस आधी लेखी कळवून, महिन्यातून जास्तीत जास्त दोनदा" असं सुचवणार आहे.

एचआरमधले किंवा युनियनमधले कोणी सांगाल का, हे शब्द पुरेसे आहेत का? आणि तीन महिन्यांनंतर आपोआप जुनी पाळी, की नवा अर्ज, हेही पत्रातच लिहावं का?